कार्बन, सिरॅमिक आणि मेम्ब्रेन: कोण काय अडवते?

पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधला सक्रिय कार्बन क्लोरीनचे क्लोराइडमध्ये रूपांतर करतो आणि वास व काही सेंद्रिय रसायने आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. विरघळलेले क्षार मात्र त्यातून जसेच्या तसे पुढे जातात. सिरॅमिक कँडलची सुमारे अर्ध्या मायक्रॉनची छिद्रे गाळ व बहुतेक जिवाणू रोखतात, परंतु त्याहून कितीतरी लहान असलेले विषाणू निसटू शकतात. आरओ मेम्ब्रेन क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेटही बऱ्याच अंशी काढते, पण क्लोरीनमुळे ती खराब होते, म्हणून तिच्याआधी कार्बन लागतोच.

नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरला १५० मिलिग्रॅम असेल, तर माझ्या मते आरओ अनावश्यक आहे. ९०० टीडीएसच्या बोअरवेलच्या पाण्याला मात्र पहिली दोन माध्यमे पुरत नाहीत. आरओतून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस हळूहळू वाढू लागला, तर मेम्ब्रेन तपासावी. कार्बन संपल्याचे टीडीएस मीटर दाखवत नाही. ते क्लोरीनचा वास परत आल्यावर कळते.