१० टक्क्यांचं स्कूटर कर्ज : १२ हप्ते भरल्यावर

स्कूटरबद्दल तक्रार नाही. घर ते शिरोली एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन, पावसाळ्यात पंचगंगेच्या पुलावर भिजत, वर्षभर बिनबोभाट चालली. लिहायचंय ते तिच्या कर्जाबद्दल. ३६ पैकी १२ हप्ते भरून झालेत आणि शोरूममध्ये ऐकलेल्या १० टक्क्यांचा खरा आकडा काय होता ते मला आत्ता कुठं कळलंय.

गाडी ऑन-रोड १,०८,००० ला पडली. २८,००० रोख भरले, राहिले ८०,०००. आमच्या कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेत १२ टक्क्यांनी कर्ज मिळतं, पण दोन जामीनदार आणि आठवडाभर थांबणं आलं. शोरूममधला पोरगा म्हणाला, "साहेब, सोसायटी बारा घेतीया, आमचं दहाच हाय. जामीनदार नको, अर्ध्या तासात गाडी घेऊन जावा." कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवून त्यानं हिशेबही दाखवला : ८०,००० चे १० टक्के ८,०००, तीन वर्षांचे २४,०००, मुद्दल धरून १,०४,०००, भागिले ३६, हप्ता २,८८९. बेरीज-भागाकारात काडीची चूक नव्हती, त्यामुळं शंका यायला जागाच नव्हती. मध्येच तो "फ्लॅट हाय" असंही म्हणाला होता. फ्लॅट म्हणजे दर मध्येच बदलणार नाही, असं मी आपलं धरून बसलो!

बारावा हप्ता गेल्यावर कर्ज एकदम मिटवावं असं मनात आलं. माझा हिशेब साधा होता : महिन्याला २,२२२ मुद्दल फिटतं, म्हणजे १२ महिन्यांत २६,६६७ फिटलं, बाकी ५३,३३३. फायनान्सच्या शाखेत बाकी सांगितली ५७,९१२. साडेचार हजार जास्त! मी आवाज चढवला, तर काउंटरवरच्या मॅडमनी न बोलता परतफेडीचं वेळापत्रक छापून समोर ठेवलं. पहिली ओळ अशी होती : हप्ता २,८८९, त्यात व्याज १,१९५, मुद्दल १,६९४.

त्या ओळीवर मी अडकलो. ८०,००० वर वर्षाला १० टक्के म्हणजे महिन्याला ६६७ व्हायला पाहिजेत. मग १,१९५ कुठून आले? उलटं करून बघितलं : १,१९५ गुणिले १२ म्हणजे १४,३४०, त्याला ८०,००० नं भागलं तर १७.९ टक्के. हाच माझा खरा दर. पहिल्या महिन्यात पूर्ण मुद्दल अंगावर असतं, म्हणून पहिल्या ओळीतलं व्याज गुणिले १२ भागिले मुद्दल एवढ्यावर दर उघडा पडतो. फक्त कर्ज उचलल्याची तारीख आणि पहिला हप्ता यांत बरोबर एक महिना नसेल तर पहिल्या ओळीत जादा किंवा कमी दिवसांचं व्याज असतं. तसं असेल तर दुसरी ओळ घ्यावी आणि मुद्दल म्हणून त्या महिन्याच्या सुरुवातीची बाकी धरावी.

कारण एकदा लक्षात आलं की सोपं आहे. फ्लॅटमध्ये तिन्ही वर्षं व्याज ८०,००० वरच धरतात. पण मी तर दर महिन्याला पैसे परत करतोय. पस्तीस हप्ते भरून झाल्यावर माझ्याकडं त्यांचे तीन हजारसुद्धा नसतात, तरी व्याजाच्या हिशेबात ८०,००० च. तीन वर्षांची सरासरी काढली तर त्यांचे साधारण ४४,६०० रुपयेच माझ्याकडं असतात, आणि त्यावर २४,००० व्याज. लोक 'फ्लॅटच्या दुप्पट धर' म्हणतात ते यामुळंच. पण दुप्पट जरा जास्त होतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत मुद्दल कमी फिटतं आणि सरासरी बाकी निम्म्याच्या वर राहते.

वेळापत्रक हातात नसेल, म्हणजे गाडी घेण्याआधी, तर मोबाइलवरची कुठलीही स्प्रेडशीट पुरते. हप्त्यांची संख्या, हप्ता आणि कर्जाची रक्कम एवढं घालायचं :

```
=RATE(36,-2889,80000)*12
```

उत्तर ०.१७९२, म्हणजे १७.९२ टक्के. हप्त्यापुढचं वजाचिन्ह विसरलं की उत्तराऐवजी एरर येतो. मी पहिल्यांदा तेच केलं. शेवटचा १२ नं गुणाकार राहिला तर महिन्याचा दर दीड टक्का दिसतो आणि माणूस उगाच खूश होतो. शोरूमवाल्यानं सांगितलेली टक्केवारी यात कुठंच घालायची नाही, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

आता पतसंस्थेचे १२ टक्के, जे उतरत्या बाकीवर असतात. तेच ८०,०००, तेच ३६ महिने, हप्ता येतो २,६५७ आणि एकूण व्याज १५,६५७. शोरूमच्या भाषेत बोलायचं तर पतसंस्थेचा दर फ्लॅट साडेसहा टक्के! दर महिन्याला २३२ रुपये मी जामीनदार शोधायचा कंटाळा केल्याबद्दल भरतोय. (पतसंस्था शेअर्सपोटी थोडी रक्कम कापते हे खरं, पण ती आपल्याच नावावर राहते.)

वर फीची गोष्ट वेगळीच. प्रोसेसिंग आणि कागदपत्रांचे मिळून २,५०० त्यांनी कर्जातूनच कापले. म्हणजे हातात आले ७७,५०० आणि हप्ता मात्र ८०,००० चा. वरच्या सूत्रात 80000 च्या जागी 77500 घातले की उत्तर २०.२ टक्के येतं. मावसभावानं हेच कर्ज, हीच फी, पण पहिला हप्ता आगाऊ देऊन घेतलंय. त्याला हातात ७४,६११ आणि पुढं ३५ हप्ते, म्हणजे साडेएकवीस टक्के. आगाऊ हप्ता दिला म्हणजे एक हप्ता मिटला, असं त्याला अजून वाटतंय.

हे सगळं लपवलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं आणि त्यात फी धरून आलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. घरी येऊन जुना ईमेल उघडला. पीडीएफमध्ये व्याजदर १७.९२ आणि एपीआर २०.२२ स्वच्छ छापलेले. गाडीला हार घालत असताना आलेला ओटीपी मी त्या पोराला वाचून दाखवला होता, तो याच कागदाचा.

कर्ज पतसंस्थेत फिरवावं का, तेही बघितलं. मुदतीआधी मिटवायला ४ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५७,९१२ वर २,७३३. एकूण ६०,६४५. तेवढी रक्कम १२ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतली तर हप्ता २,८५५. महिन्याला ३४ रुपये वाचणार, आणि त्यासाठी पुन्हा दोन जामीनदार. सोडून दिलं. उसनं न घेता रोख भरले तर मात्र राहिलेल्या ६९,३३६ ऐवजी ६०,६४५ लागतात, म्हणजे ८,६९१ वाचतात. वडिलांच्या उसाचं बिल कारखान्याकडून यायचंय. दर हप्त्यागणिक ही बचत आटत जाते, म्हणून बिल जानेवारीच्या आत आलं तर मिटवणार, नाहीतर आहेच, दर महिन्याच्या ७ तारखेला २,८८९.