डंपिंगचा डोंगर किती उतरला: आरटीके ड्रोन की साधा ड्रोन आणि रंगवलेले ठिपके?

जुन्या डंपिंगचं बायोमायनिंग, म्हणजे साठलेला कचरा खणून, चाळून बाहेर नेणं, सुरू झालं की दर महिन्याच्या बिलाआधी एकच प्रश्न येतो: डोंगर नक्की किती उतरला? वजनकाट्याच्या पावत्या एक आकडा सांगतात आणि ड्रोनची मोजणी दुसरा. त्या दुसऱ्या आकड्यासाठी कोणती पद्धत घ्यावी, यावर गेल्या काही महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतल्या तीन-चार जणांनी मला विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान जुन्या डंपिंगवरच उभं आहे. तिथे कचरा जागेवरच राहिला, त्यामुळे महिन्याकाठी किती उतरला हा प्रश्न नाही. हे लिखाण जिथे ट्रॉमेल, म्हणजे फिरती चाळणी, लावून डोंगर खणला, चाळला आणि बाहेर नेला जातोय, त्या जागांसाठी आहे.

पर्याय मुख्यतः दोन. एक म्हणजे आरटीके ड्रोन, जो जमिनीवर लावलेल्या एका जीपीएस रिसीव्हरकडून, म्हणजे बेसकडून, दुरुस्ती घेत प्रत्येक फोटोची जागा सेंटीमीटरांत नोंदवतो: बेस लावायचा, उडवायचा, जमिनीवर काहीही न मांडता घरी यायचं. दुसरा म्हणजे साधा ड्रोन आणि जमिनीवर डीजीपीएसने मोजलेले नियंत्रण बिंदू, ज्यांना आपण सगळे जीसीपी म्हणतो. टोटल स्टेशनने क्रॉस सेक्शन घेणं मी सोडून दिलं आहे, कारण ओल्या, धुमसत्या कचऱ्यावर प्रिझम घेऊन माणूस चढवणं मला पटत नाही. लेझरने मोजणारा लायडार चांगला, पण दर महिन्याला परवडणारा नाही.

मी दोन्ही पर्याय ठाणे खाडीच्या बाजूच्या एकाच जागेवर वापरले. जागा साधारण चार हेक्टर, डोंगर सर्वांत उंच ठिकाणी अठराएक मीटर. उड्डाणाची उंची दोन्ही वेळा 60 मीटर, फोटोंचा ओव्हरलॅप पुढे 80 आणि बाजूला 70 टक्के.

आरटीकेची बाजू आधी सांगतो, कारण सुरुवातीला मला तोच आवडला होता. सकाळी साडेनऊला पोचायचं, अकराला परत. पायाखाली काच, सुया, मऊ जागा काहीच नाही. खाडीकडून वारा सुटायच्या आत काम संपतं. डंपिंगवर घारी फार असतात, त्या ड्रोनच्या मागे लागतात, त्यामुळे हवेत जितका कमी वेळ तितकं बरं. जीसीपी मांडायचे म्हणजे अर्धा दिवस जास्त जातो, आणि आमचा पहिला अनुभव तर फारच वाईट होता. आम्ही डोंगरावरच दोन फुटी पिवळ्या-काळ्या फ्लेक्सचे चौकोन खिळ्यांनी ठोकले. पुढच्या महिन्यात दहापैकी सहा जागेवर नव्हते. तिथल्या एका कचरावेचक मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दादा, ते पिवळं तुमचं होतं होय? छपराला लावलं. पाऊस येतोय ना आता." त्यांची गरज माझ्या चौकोनापेक्षा मोठी होती. जे चार उरले होते तेही कामाचे नव्हते, कारण खालचा कचरा बसत होता आणि त्यांच्यासोबत तेही खाली जात होते. खचणाऱ्या डोंगरावरच्या ठिपक्याने त्याच डोंगराचं खचणं मोजता येत नाही. मग आम्ही आरटीकेवर गेलो.

आता ज्या गोष्टीने माझं मत फिरलं ती. मे महिन्याच्या शेवटी, 28 तारखेला आम्ही उड्डाण केलं. लगेच ट्रॉमेलचं बेअरिंग गेलं आणि सुटा भाग येईपर्यंत साइट बंद पडली. पावसाआधीचा आकडा हवा म्हणून 2 जूनला पुन्हा उडवलं. मधल्या दिवसांत काट्यावर एकही गाडी नोंदलेली नाही, पोकलेनची बकेट हललेली नाही. तरी दोन्ही दिवसांच्या फोटोंवरून बनवलेल्या उंचीच्या पृष्ठांच्या वजाबाकीत डोंगर 4,400 घनमीटरने कमी झालेला दिसला.

हा आकडा रुपयांत किती होतो ते पाहा. घनमीटरला 0.8 टन धरा, म्हणजे साडेतीन हजार टनांच्या आसपास. टनाला समजा 550 रुपये दर असला, तर एकोणीस लाखांहून जास्त रक्कम, आणि ती न केलेल्या कामाची. ठेकेदाराच्या तरुण इंजिनिअरने तो आकडा पाहून आनंदाने मेल पाठवायची तयारी केली होती. मी त्याला एक दिवस थांब म्हटलं.

चूक शोधायला फार अक्कल लागली नाही, जागा मात्र बरोबर निवडावी लागली. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन पृष्ठांची वजाबाकी केली:

```
"dsm_0206@1" - "dsm_2805@1"
```

उत्तर डोंगरावर बघायचं नाही. जे हललंच नाही तिथे बघायचं. काट्याचा काँक्रीटचा चौथरा, गेटजवळची मोरी, आतला काँक्रीट रस्ता. तिथे शून्य यायला हवं. आमच्याकडे तिन्ही ठिकाणी उणे अकरा सेंटीमीटर येत होतं, थोडं इकडेतिकडे. चौथरा अकरा सेंटीमीटर खाली गेलेला नाही, म्हणजे सगळं पृष्ठच खाली सरकलं होतं. चार हेक्टर म्हणजे 40,000 चौरस मीटर. त्याला 0.11 ने गुणा, 4,400 मिळतात. डोंगराचं सगळं उतरणं तेवढंच होतं.

कारण निघालं ते अगदी साधं. बेसचा ट्रायपॉड गेटजवळच्या खिळ्यावर लावतात. 2 जूनला तो उंच लावला होता, अँटेनाची उंची 1.61 मीटर होती, आणि आमच्या टीममधल्या मुलाने कंट्रोलरमध्ये मागच्याच वेळची 1.50 तशीच राहू दिली. बेस स्वतःला अकरा सेंटीमीटर खाली समजला आणि त्याच्यामागे सगळे फोटो खाली आले. सॉफ्टवेअरच्या अहवालात कुठेही लाल खूण नव्हती. फोटो एकमेकांशी नीट जुळत होते, कारण सगळे एकत्रच चुकले होते. मला याचाच त्रास होतो: चूक झाली तरी आरटीके आवाज करत नाही.

बेस नको, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांच्या, म्हणजे कॉर्सच्या, जाळ्यावरून मोबाइलने दुरुस्ती घ्या, असंही अनेक जण सांगतात, आणि ते चुकीचं नाही. ट्रायपॉडच सुटला की उंचीची ही चूक सुटते. पण आमच्या जागेवर नेटवर्क मध्येच जातं, अचूक फिक्स सुटून अंदाजी फ्लोटवर येतो आणि त्या पट्ट्यातले फोटो सैल होतात. शिवाय कॅमेऱ्याची फोकल लेन्थ सॉफ्टवेअर दर उड्डाणाला नव्याने काढतं. सगळे फोटो सरळ खाली बघणारे असतील, तर त्यातली बारीक चूक उंचीत मिसळून जाते आणि पूर्ण पृष्ठ वर किंवा खाली सरकतं. जमिनीवर एकही ओळखीचा बिंदू नसेल, तर हे कळायला मार्ग नाही.

मग मी साध्या ड्रोनकडे परत आलो, पण ठिपके या वेळी डोंगरावर नाहीत. ऑइलपेंटने आठ ठिपके रंगवले: चौथऱ्यावर दोन, मोरीच्या स्लॅबवर एक, आतल्या रस्त्यावर तीन, पहारेकऱ्याच्या खोलीच्या स्लॅबवर एक, पंपाच्या पायावर एक. डीजीपीएसने ते एकदाच, प्रत्येकी बराच वेळ बसून मोजले. पाच सॉफ्टवेअरला दिले, तीन लपवून ठेवले, म्हणजे ते तपासणीसाठी. दर महिन्याला तेच ठिपके, तेच आकडे.

मला वाटतं निवड करणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटतं ते हे. डोंगराची घट मोजायची असेल तर खरी उंची बरोबर असण्यापेक्षा ती दर महिन्याला सारखी असणं जास्त महत्त्वाचं आहे. माझे आठही ठिपके मुळात वीस सेंटीमीटरने चुकलेले असले, तरी मे आणि जून दोन्ही महिने तेवढेच चुकतील, आणि वजाबाकीत ते उडून जाईल. एखादा ठिपका धुतला गेला किंवा हलला, तर त्याचा फरक बाकीच्यांपेक्षा वेगळा येतो आणि तो लगेच नजरेत भरतो.

या पद्धतीची एक खोट मान्य करायला हवी. सगळे ठिपके कडेला आणि डोंगर मध्ये. कॅमेऱ्याचं गणित किंचित चुकलं, तर पृष्ठ मध्यभागी घुमटासारखं फुगतं किंवा बशीसारखं बसतं, आणि कडेचे ठिपके तरी छान जुळतात. म्हणून मी एक आडवी फेरी कॅमेरा पंचवीसेक अंश तिरपा करून घेतो, आणि त्याच दिवशी माथ्यावरच्या दोन पक्क्या जागा डीजीपीएसच्या रोव्हरने, म्हणजे हातात धरायच्या रिसीव्हरने, मोजून पृष्ठाशी ताडून बघतो. गेल्या चार वेळा फरक तीन-चार सेंटीमीटरच्या आत राहिला. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे, तुमचा करार अधिक कडक असेल तर अर्थातच वेगळं.

दोन गोष्टींत मात्र कोणताही ड्रोन वाचवत नाही. एक, पावसाळ्यानंतरचं रान. ऑक्टोबरात आमच्या डोंगरावर एरंड आणि गवत कमरेपर्यंत येतं. फोटोला पानांचा वरचा थर दिसतो, त्यामुळे अर्ध्या जागेवर सरासरी अर्धा मीटर जरी धरला तरी दहा हजार घनमीटर फुकटचे वाढतात. जूनची पहिली सर पडायच्या आत एक उड्डाण आणि रान वाळल्यावर डिसेंबरात दुसरं, मधले आकडे बिलाला लावू नयेत असं मी सुचवेन. दुसरी गोष्ट चाळलेल्या मालाचे साठे. खणलेली माती आणि आरडीएफ, म्हणजे जाळण्याजोगा वेगळा काढलेला कचरा, त्याच आवारात पडून असतात, आणि मोकळी झालेली माती दाबलेल्या कचऱ्यापेक्षा जास्त जागा खाते. डोंगराची आणि साठ्यांची हद्द वेगवेगळी आखा, आणि बाहेर गेलेला माल काट्यावरूनच धरा. एका महिन्यात आमचा डोंगर 9,000 घनमीटर उतरला आणि साठे 3,500 ने वाढले. पूर्ण आवाराची एकच हद्द आखली असती, तर ठेकेदाराचं एक तृतीयांशाहून जास्त काम दिसलंच नसतं.

आरटीके मी कुठे निवडेन? जिथे चहूबाजूंनी कांदळवन आणि चिखल आहे, काँक्रीटचा एक तुकडाही नाही, तिथे. आणि उड्डाणाची परवानगी थोड्या वेळेचीच मिळणार असेल तिथे. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्कायचा नकाशा आधी पाहाच, नवी मुंबई विमानतळामुळे तो आता बदलला आहे. तरीही दोन चेकपॉइंट कुठेतरी ठोकून घ्या आणि अँटेनाची उंची दुसऱ्या माणसाला टेपने मोजायला लावा.

बाकी ठिकाणी, जवळ काटा, रस्ता, मोरी यांपैकी काही असेल, तर मी साधा ड्रोन आणि रंगाचा डबाच घेईन. आमचा मोरीवरचा ठिपका गाड्यांच्या टायरने झिजायला लागला आहे, म्हणून त्याच्या मध्यावर मी काँक्रीटचा खिळा ठोकून ठेवलाय. पाऊस थांबला की त्याभोवती पुन्हा पिवळा रंग द्यायचा आहे.