पाकिटावरचा तीळ आणि माझे ₹१,४२,१००

दिवाळीच्या आधी आमच्या कांदा-लसूण मसाल्याची जाहिरात करायची होती. ओळखीच्या पाकीटवाल्याकडून एक एजंट आला. एका बड्या हिंदी नटाचा हुबेहूब चेहरा असलेला कलाकार आपल्याकडे आहे, चेहरा त्याचा स्वतःचाच, त्यामुळे परवानगी त्याचीच लागते, वकिलाने सगळं तपासलंय, असं त्याने सांगितलं. सोबत शंभराच्या स्टँप पेपरवर त्या कलाकाराची सही. आता सांगा, गावोगावच्या गणेश मंडळांत असे डुप्लिकेट नाचताना आपण सगळेच बघतो, कोण कोणाला नोटीस पाठवतं? मला खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं.

एजंटला ₹८५,०००, पाकिटांच्या छपाईला ₹३८,४००, फ्लेक्सला ₹११,२००. पुढे वकिलाचे ₹७,५०० वेगळेच.

डोकं फिरतं ते एका गोष्टीने. एजंटने आधी व्हॉट्सॲपवर कलाकाराचा साधा फोटो पाठवला होता. छपाईआधीच्या प्रूफमध्ये त्याच चेहऱ्यावर गालाला तीळ, आणि तोही नेमका त्या नटाच्या जागी! मी विचारलं तर म्हणाला, "थोडं टचअप केलंय, शेठ." दोन्ही फोटो माझ्याच मोबाइलमध्ये होते. म्हणजे कलाकाराने सही दिली ती स्वतःच्या चेहऱ्यासाठी आणि छापला गेला भलताच. कागद त्याच क्षणी बाद झाला होता. पण प्रेसवाला घाई करत होता आणि सणाचं गिऱ्हाईक दारात होतं.

नोटीस आली नटाच्या वकिलांकडून. विक्री थांबवा, पाकिटं नष्ट करून पुरावा द्या, किती विकली ते सांगा, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या. पाकिटावर चेहऱ्याच्या जागी स्टिकर लावून माल काढू म्हटलं, तर आमच्या वकिलांनी नको सांगितलं. स्टिकर सोलला की चेहरा खालीच आहे. तीळ नसता तरी सुटलो नसतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. गिऱ्हाइकाला तो नटच वाटावा म्हणून डुप्लिकेट उभा केला, एवढं नटाच्या वकिलांना पुरतं. तेच चष्मे, तीच दाढी, तोच संवाद म्हणजे हेतू उघड. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूरच्या बाजूने आदेश दिला, त्यात नाव, चेहरा, आवाज यांच्यासोबत त्याचं 'झकास'सुद्धा आलं. आणि आपण छोटे, आपल्याकडे कोण बघतंय, असं समजू नका. २०१२ मध्ये त्याच न्यायालयात मुझफ्फरनगरचा एक सराफ अडकला तो अमिताभ आणि जया बच्चन यांचे फोटो असलेल्या होर्डिंगमुळेच.

एजंटचा फोन तेव्हापासून बंद. पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदार म्हणाले, "फोटो दिला ना त्याने? काम झालं ना? मग हा दिवाणी मामला." खोटा कागद दाखवून पैसे घेणं फसवणूक नाही का? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशाला आहे? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे उत्तर मिळालं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ठाण्यात जा. बँक म्हणाली आधी एफआयआर आणा. ग्राहक आयोगात चौकशी केली तर सेवा धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. पोटापाण्याचा स्वतःचा धंदा असेल तर सूट आहे, पण कामावर चार बायका आहेत म्हटल्यावर तिथला कारकून नुसता हसला. कर भरताना बरा मी दिसतो!

बिल नीट वाचा. माझ्या बिलावर 'डिझाइन व एडिटिंग' एवढंच आहे, नटाचं नाव कुठेच नाही, आणि पैसे गेले एजंटच्या बचत खात्यात. खरा करार नटाच्या कंपनीशी किंवा तिने नेमलेल्या एजन्सीशी होतो. त्यात कोणता माल, कुठल्या भागात, पाकीट की मोबाइल, कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहिलेलं असतं. एजन्सीने दिलेल्या नंबरवर खातरजमा करू नका, नटाच्या व्यवस्थापकाचा नंबर स्वतः शोधा.

इंटरनेटवरून उचललेला अनोळखी बाईचा हसरा चेहराही तितकाच महाग पडू शकतो. फोटो विकत घेतला तरी परवान्यात 'फक्त बातमीसाठी' असं असेल तर तो पाकिटावर चालत नाही, आणि फोटोतल्या माणसाची लेखी संमती घेतलेली आहे का, ते वेगळं बघावं लागतं.

नवीन पाकिटावर आमच्याकडे मिरची भाजणाऱ्या काकू आहेत. त्यांना पैसे दिले, फोटो दाखवला, आणि मराठीत एका पानावर लिहून घेतलं: मसाल्याचं पाकीट आणि दुकानाचा फ्लेक्स, दोन वर्षं, दुसऱ्या मालावर पुन्हा विचारायचं. कागदाला फोटोची प्रत टाचली आहे, म्हणजे कोणी टचअप केलं तर लगेच कळेल.

तो एजंट आता जयसिंगपूरकडे चहा पावडरवाल्यांकडे फिरतोय असं कानावर आलंय, दुसऱ्याच नटाचा चेहरा घेऊन. 'वकिलाने तपासलंय' म्हणाला की त्या वकिलाचा नंबर मागा आणि त्याच्यासमोरच लावा.