शीर्षकात कॉटन, अंगात पॉलिस्टर : टी-शर्टची ऑनलाइन खरेदी

भाऊबीजेला दादासाठी टी-शर्ट मागवला. शीर्षक असं होतं : 'दादाचा दरारा, ओव्हरसाइझ्ड फिट, प्युअर कॉटन, २४० जीएसएम, भाऊबीज गिफ्ट फॉर ब्रदर'. आला तो अंगाला घट्ट, पातळ आणि किंचित चकचकीत. परत करायला गेले तर उत्तर मिळालं, 'ऑर्डरनुसार छापलेला माल आहे, परत घेत नाही.' छापलेला होता खरा, पण माझ्यासाठी वेगळं काहीच नव्हतं; तेच वाक्य ते शेकडो जणांना विकत होते.

हा धंदा कसा चालतो ते मग कळलं. डिझाइन टाकणाऱ्याकडे बहुधा टी-शर्ट नसतोच. ऑर्डर आली की छापखाना कोऱ्या टी-शर्टवर छापून थेट पाठवतो. शीर्षक लिहिलं जातं ते शोधात वर येण्यासाठी, म्हणून एकच साचा सगळीकडे चिकटवतात. आमच्या टी-शर्टच्या टॅगमध्ये 'ओव्हरसाइझ्ड' आणि 'स्लिम फिट' दोन्ही होते! फोटोही बनवलेला : कापडाला चुण्या होत्या, पण अक्षरं सपाट.

खरी माहिती खाली, 'प्रॉडक्ट डिटेल्स' उघडल्यावर सापडते. तिथे बारीक अक्षरांत 'कॉटन ब्लेंड' लिहिलं होतं. मापांच्या तक्त्यात एल साइझची छाती ४० इंच. म्हणजे दादा एरवी घालतो तो साधाच एल. खरा ओव्हरसाइझ त्याहून चांगलाच सैल असतो. त्यामुळे फिटचं नाव वाचण्यापेक्षा घरातल्या टी-शर्टची छाती मोजून तक्त्याशी ताडून बघा.

परत घेत नाहीत म्हटल्यावर मी कात्रीच चालवली. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. त्यामुळे १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा २४० जीएसएमचा असेल तर २.४ ग्रॅम भरायला हवा. ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवला, तर १.६. कडेचा धागा जाळला तर टोकाला कडक गाठ आली. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. गाठ आली की त्यात पॉलिस्टरसारखा कृत्रिम धागा आहे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. हे लिहून मी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच आली, पैसे काही येईनात. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा मिळाले.

कामी आला तो ऑर्डर देताना काढलेला स्क्रीनशॉट. कारण तक्रारीनंतर शीर्षकातला 'प्युअर' गुपचूप गायब झाला होता, आणि बिलावर फक्त 'प्रिंटेड टी-शर्ट, एल' एवढंच होतं.