पिस्टन गेलाच नव्हता: ब्रश कटरच्या दुरुस्तीत माझे ५,४०० रुपये कसे गेले

ऑक्टोबर छाटणीच्या आधी आमच्याकडे बागेतलं गवत काढायची घाई असते. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. यंदा पाऊस लांबला आणि ओळींमध्ये गवत गुडघ्याच्या वर गेलं. बांधाला तर गाजरगवत कमरेएवढं झालं. ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर तीन वर्षं याच कामाला आहे, आणि नेमका याच वेळी तो दम टाकायला लागला.

लक्षण असं, की मशीन एका ओढीत चालू व्हायचं. रिकामं असताना रेस दिली तर बरं वाजायचं. पण पातं दाट गवतात घातलं की आवाज घुर्र करत खाली यायचा. रेस पूर्ण दाबलेली असूनही इंजिन बसायचं. पातं बाहेर काढलं की पुन्हा उचल घ्यायचं. बांधाच्या विरळ गवतात कसंबसं काम व्हायचं, दाट पट्ट्यात अजिबात नाही.

मी मशीन गाडीवर टाकून नाशिकला एका दुकानात नेलं. तिथे जे झालं ते नीट सांगतो, कारण फसवणूक माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मला दिसली नाही.

दुकानदाराने प्लग काढला, टोपीत बसवला, इंजिनच्या वरच्या झाकणाला टेकवला आणि दोरी ओढली. भर उन्हात दुकानाच्या पायरीवर. म्हणाला, “बघा भाऊ, करंटच नाही. कॉइल गेली.” मलाही ठिणगी दिसली नाही. मग त्याने प्लग हाताने परत लावला आणि दोरी माझ्या हातात दिली. “आता ओढून बघा. हलकी लागते ना? पिस्टन-रिंग संपली. कॉम्प्रेशनच नाही, मग गवतात ताकद कुठून येणार?” दोरी खरंच हलकी लागली. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हिशेब झाला. पिस्टन-सिलिंडर सेट २,४००, कारबोरेटर १,३००, कॉइल ९००, मजुरी ८००. पातं न लावता त्याने मशीन चालू केलं, पूर्ण रेस दिली. आवाज असा कडक की मला समाधान वाटलं. पैसे दिले आणि घरी आलो. त्याच संध्याकाळी बांधावर दहा मिनिटांत तेच, घुर्र आणि खाली.

परत गेलो. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने कारबोरेटरचा एक स्क्रू आवळला, रिकामी रेस दिली, आवाज आणखी तीक्ष्ण झाला. “आता सेट आहे.” घरी आणल्यावर मशीन दाट गवतात तर बसायचंच, वर सिलिंडरपाशी जळका वास यायला लागला.

पितृपक्षात घरी पानं होती म्हणून मामा आले होते. ते सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता रिटायर आहेत. जेवण झाल्यावर त्यांना मशीन दाखवलं. त्यांनी हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला. “गवतात घातल्यावर आधी इंजिनचा आवाज पडतो, की इंजिन तसंच ओरडत राहतं आणि पातं थांबतं?”

हा फरक मला कुणी आधी सांगायला हवा होता. इंजिन ओरडत राहून पातं थांबत असेल तर क्लच घसरतोय, इंजिनला काही झालेलं नाही. इंजिनचाच आवाज खाली येत असेल तर एकतर पात्याचा भार जास्त आहे, नाहीतर इंजिनला पूर्ण ताकद मिळत नाही. माझ्याकडे आवाज पडत होता.

मामांनी आधी प्लगची टोपी काढली आणि पातं सोडलं. खालच्या गिअरपाशी ओल्या गवताचा आणि सुतळीचा गुंडाळा होता, तो काढला. गिअर हाताने फिरवून बघितला, मोकळा होता. तीन दातांचं पातं बोथट झालं होतं. बोथट पातं गवत कापत नाही, ठेचतं आणि ओढतं, त्यामुळे तेवढ्याच गवताला इंजिनला जास्त जोर लागतो. त्यांनी कानस मारून धार काढली, तिन्ही दात सारखे ठेवून. तंगूस दोरीचं डोकं वापरणाऱ्यांना त्यांचं एक सांगणं आहे: गार्ड काढू नका. गार्डला जी छोटी पट्टी असते ती दोरी ठरलेल्या लांबीला तोडते. गार्ड काढलं की दोरी लांब राहते, आणि दोरी थोडी जरी वाढली तरी भार खूप वाढतो. मशीन दम टाकतं आणि लोक इंजिनला दोष देतात.

धार काढून परत बांधावर नेलं. फरक पडला, पण पूर्ण नाही. मग ते इंजिनकडे वळले.

प्लग काढून त्यांनी तो झाकणाला नाही, सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवला, पेट्रोलची टाकी आणि प्लगचं भोक लांब ठेवून. ओसरीच्या सावलीत दोरी ओढली. निळसर, जाड ठिणगी, प्रत्येक वेळी. “झाकण प्लास्टिकचं आहे, अर्थिंग कुठून मिळणार?” मामा म्हणाले. म्हणजे दुकानात ठिणगी दिसणारच नव्हती, कॉइल चांगली असो की वाईट. त्यात ऊन. आणि कॉइल खरी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा मशीन तापल्यावर एकदम बंद पडतं आणि गार झाल्यावर पुन्हा चालू होतं. नुसतं दाट गवतात बसणं हे तिचं नेहमीचं लक्षण नाही.

मग प्लग पान्याने घट्ट बसवून दोरी हळू ओढायला लावली. प्रत्येक फेऱ्याला हाताला ठोकर लागत होती, चांगली जड. त्यांनी प्लग दोन आटे सैल केला आणि परत ओढायला सांगितलं. दुकानातल्यासारखीच हलकी! मला तिथल्या तिथे आठवलं, त्याने प्लग हाताने लावला होता, पाना घेतलाच नव्हता. सैल प्लगमधून हवा निसटते, मग कॉम्प्रेशन लागेल कसं?

पिस्टन बघायला इंजिन उतरवावं लागत नाही, हेही मला तेव्हा कळलं. सायलेन्सर दोन बोल्टवर असतो. तो काढला की धूर जायच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. दोरी हळू ओढून पिस्टन खालीवर करायचा आणि मोबाइलचा टॉर्च मारायचा. पिस्टन खराब झाला असेल तर उभे ओरखडे दिसतात. आमच्याकडे एकही नव्हता. रिंगही भोकापाशी लाकडी काडीने हलकीच दाबली तर स्प्रिंगसारखी मागेपुढे होत होती. पण पिस्टनच्या माथ्यावर काळ्या कार्बनचा जाड थर होता. जेमतेम चार तास चाललेल्या नव्या पिस्टनवर एवढा थर बसत नाही. सिलिंडरच्या खालच्या बोल्टांभोवती तीन वर्षांची तेलकट माती जशीच्या तशी वाळलेली होती, त्यांना पाना लागलाच नव्हता. २,४०० रुपयांचा सेट बसवलेलाच नव्हता.

आणि खरा बिघाड त्याच सायलेन्सरमध्ये होता. आतल्या बाजूला, धूर बाहेर पडायच्या तोंडाशी, एक बारीक तारेची जाळी असते. ठिणगी बाहेर उडून वाळलं गवत पेटू नये म्हणून ती असते. आमची जाळी कार्बनने जवळजवळ बंद होती. उजेडात धरली तर पाच-सहा भोकांतूनच प्रकाश येत होता.

टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर गेल्याशिवाय नवं मिश्रण आत येत नाही. रिकामं फिरताना मिश्रण थोडंच लागतं, म्हणून अर्धी बंद जाळीही निभावते. दाट गवतात पूर्ण ताकद लागते तेव्हा धूर अडतो, इंजिन गुदमरतं आणि बसतं. जाळी बंद कशी झाली, तर आमचा गडी पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतायचा. जास्त ऑइल म्हणजे मशीनला चांगलं, असा त्याचा समज. आमच्या मशीनवर २५:१ लिहिलंय, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली. तो सहज दुप्पट घालत होता, तेही सुटं ऑइल. आता डब्यावर जासो एफडी लिहिलेलं ऑइल आणतो, त्याचा कार्बन कमी धरतो, आणि मापाची बाटली मशीनजवळच ठेवली आहे.

मामांनी जाळी चिमट्यात धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवली, गार झाल्यावर तारेच्या ब्रशने झाडली. काही जण जाळी काढूनच टाकतात. हिवाळ्यानंतर वाळल्या बांधावर तसं करू नका, आग लागू शकते. भोकाच्या कडेचा कार्बन लाकडी काडीने खरवडला, पिस्टनने भोक बंद ठेवून, म्हणजे कण आत पडत नाहीत. टाकीतला फिल्टर ४० रुपयांचा नवा घातला.

शेवटी दुकानदाराने आवळलेला स्क्रू. त्यावर एच असं अक्षर असतं. तो आवळला की पूर्ण रेसला पेट्रोल कमी पडतं. रिकाम्या मशीनचा आवाज कडक होतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं ताकद आली. प्रत्यक्षात गवतात इंजिन कोरडं तापतं, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तो जळका वास त्याचाच होता. आणखी आठवडाभर तसं चालवलं असतं तर पिस्टन खरोखर गेला असता. मामांनी स्क्रू थोडा थोडा डावीकडे सोडला. रिकाम्या पूर्ण रेसला आवाज किंचित घोगरा, अडखळल्यासारखा व्हायला हवा आणि पातं गवतात टेकताच साफ व्हायला हवा. तिथे थांबले. काही मशीनवर या स्क्रूला टोपी असते, ती जबरदस्तीने फिरवायची नाही.

त्या संध्याकाळी मशीनने बांधावरचं गाजरगवत न थांबता कापलं.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन दुकानात गेलो. मोबाइलमध्ये पिस्टनचे आणि बोल्टांचे फोटो होते. आधी तो म्हणाला, पोराने सेट बसवायचा राहिला असेल. बरीच वादावादी झाल्यावर पिस्टनचे २,४०० परत दिले. माझा मूळ कारबोरेटर मागितला तर म्हणाला भंगारात गेला. आता मशीनला जो आहे त्याच्यावर कसलाच ठसा नाही, साधा नकली आहे, आणि तीन वर्षं चांगला चाललेला माझा गेला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार करता येते. पण माझ्याकडे होता वहीच्या फाटक्या कागदावर लिहिलेला आकडा. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, सही नाही. त्यावर पुढे लढायला हातात काहीच नव्हतं.

आता कुठलंही मशीन दुरुस्तीला देताना मी सिलिंडरच्या बोल्टांवर, कारबोरेटरवर आणि कॉइलवर नखपॉलिशचा एकेक ठिपका लावतो आणि दुकानदारासमोर फोटो काढतो. बदललेला जुना पार्ट आणि छापील बिल मिळाल्याशिवाय पैसे देत नाही. आणि मशीन ताब्यात घेताना पातं लावून दुकानामागच्या रानात, दाट गवतातच चालवून बघतो.