माहितीचं कार्ड की शब्दांचं? फिल्मी गाण्यांच्या राउंडसाठी

कॉलेजच्या क्विझमध्ये गाणं ओळखायची कार्डं साधारण दोन प्रकारे लिहिली जातात. एकात साल, संगीतकार, गीतकार, पडद्यावरचे कलाकार अशी माहिती अवघडाकडून सोप्याकडे उतरत येते. दुसऱ्यात गाण्याचे मूळ शब्द टाळून त्याचा आशय साध्या गद्यात सांगतात. राउंड मराठी-हिंदी सिनेमाच्या पाच-सहा दशकांवर असेल, तर सगळी कार्डं एकाच प्रकारची लिहू नयेत असं माझं मत आहे. पण कुठे कोणतं वापरायचं, हे एका गाण्यावरून बघू.

‘ऐरणीच्या देवा तुला’ घ्या. माहितीच्या कार्डाची पहिली खूण लिहायचा मोह होतो: ‘या गाण्याच्या गायिकेनेच टोपणनाव घेऊन संगीत दिलं आहे.’ ऐकायला झकास. पण लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ नावाने बऱ्याच गाण्यांना चाली दिल्या आणि त्यांतली कितीतरी स्वतःच गायली. एखाद्या टीमने बझर दाबून ‘अखेरचा हा तुला दंडवत’ म्हटलं, तर त्यांना चूक कसं ठरवणार? बरं, दिग्दर्शक भालजी पेंढारकर अशी भर घातली तरी भागत नाही. ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) आणि ‘साधी माणसं’ (1965) दोन्ही त्यांचेच. 1965 हे साल घातलं की सिनेमा पक्का होतो, पण त्यातलं ‘राजाच्या रंगम्हाली’ही लताबाईंचंच. म्हणजे ही सगळी माहिती खरी असूनही उत्तर एकावर येत नाही.

आता हेच शब्दांच्या कार्डावर: ‘देवाला फूल नाही, पान नाही, भट्टीतल्या लोखंडावर घाव बसला की जे उडतं, तेच वाहायचं.’ एका ओळीत दुसरं गाणं उरतच नाही. शिवाय ऐकताना गंमत वाटते, जी सनावळीत नसते. आनंदघनचा दुवा मग दुसऱ्या खुणेत जातो आणि तिथे तो शोभतो.

पण शब्दांचं कार्ड प्रत्येक वेळी इतकं नेमकं बसत नाही. ‘उद्याची काळजी कशाला, आजचा क्षण आपला’ असं लिहिलंत, तर 1939 च्या ‘माणूस’मधलं ‘कशाला उद्याची बात’ही बसतं आणि 1965 च्या ‘वक्त’मधलं ‘आगे भी जाने न तू’ही. विरह, पाऊस, चंद्र यांवरच्या गाण्यांची तर बातच सोडा. आशयात एखादी वस्तू किंवा व्यवसाय असेल, ऐरण, नाव, टांगा असं काही, तरच हा प्रकार धरावा. आणि टीममध्ये मराठी न कळणारी मुलं असतील, तर मराठी गाण्याचा आशय हिंदीत सांगूनही त्यांना फायदा नाही. मूळ ओळ त्यांच्या कानावरून गेलेलीच नसते.

जुन्या गाण्यांना शब्द आणि नव्यांना माहिती, असा माझा कल आहे. आजच्या मुलांना पन्नास-साठच्या दशकांतले संगीतकार पाठ नसतात, पण घरात वाजलेल्या ओळी आठवतात. नव्या गाण्यांचं उलटं. ‘झिंगाट’चा आशय गद्यात सांगायला जा, हाती फार काही लागत नाही. त्याला ‘मूळ मराठी सिनेमा 2016 चा, हिंदी रिमेक 2018 चा, दोन्हीकडे गाण्याचं नाव आणि संगीतकार तेच’ ही खूण पुरते. फक्त कार्डामागे लिहून ठेवा की ‘सैराट’ आणि ‘धडक’ दोन्ही उत्तरं चालतील, नाहीतर राउंड तिथेच अडकेल.

जुन्या गाण्याला माहितीची खूण द्यायचीच, तर त्यात एखादा किस्सा असावा. ‘महल’ (1949) मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव लता नव्हतं, तर पडद्यावरच्या पात्राचं ‘कामिनी’ हे नाव होतं. ज्याला हे माहीत नाही, तोही मधुबालावरून पुढच्या खुणेत पोचतो. नुसतं ‘संगीत खेमचंद प्रकाश’ लिहिलं तर ज्यांना ठाऊक आहे ते लगेच सांगतात, बाकीचे गप्प बसतात.

गुण 15, 10, 5 असे उतरते ठेवायचे असतील, तर पहिली खूणही स्वतःच्या बळावर एकाच गाण्याला बसली पाहिजे. अवघड असायला हरकत नाही. तपासायला राउंडमध्ये नसलेल्या दोघांना फक्त पहिली खूण वाचून दाखवा आणि सुचतील ती सगळी गाणी लिहायला सांगा. यादीत तुमच्या गाण्याशिवाय आणखी एखादं बरोबर बसत असेल, तर ती खूण दुसऱ्या जागी ढकला. कोरा कागद आला, तर पहिली तशीच ठेवा आणि दुसरी सोपी करा.