आकृती नसलेलं लिनियर प्रोग्रॅमिंग: आलेख पुन्हा काढावा की बिंदू सोडवावेत?

सांगलीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बारावीच्या मुलांकडे बऱ्याचदा नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असते. त्यात पेन्सिलीचं शेडिंग सगळ्यात आधी उडतं. 'आकृतीवरून स्पष्ट आहे' एवढं वाक्य उरतं आणि खाली कोरी जागा. अशा वेळी दोन वाटा आहेत.

एक गणित घेऊ. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. तासगावचा व्यापारी x क्विंटल हिरवा आणि y क्विंटल पिवळा बेदाणा तयार करतो. नफा Z = 500x + 600y. प्रतवारीचे तास 2x + y ≤ 16, पॅकिंगचे तास x + 2y ≤ 14, साठवणीची जागा x + y ≤ 9, आणि x, y ≥ 0.

पहिली वाट बिंदू सोडवण्याची. दोन अक्ष धरून 5 रेषा झाल्या, म्हणजे 10 जोड्या. प्रत्येक जोडीचा छेदबिंदू काढायचा आणि तो *सगळ्या* अटींत घालून पाहायचा. मुलं नेमकी इथे चुकतात. पहिल्या दोन रेषा (6, 4) वर छेदतात, तिथे Z = 5400 येतं आणि उत्तर मिळालं असं वाटतं. पण 6 + 4 = 10, जागा 9 चीच! शेडिंग असतं तर हा बिंदू बाहेर पडलेला डोळ्यांना दिसला असता. इथे तो तपासूनच कळतो. 10 पैकी 5 बिंदू टिकतात: (0, 0), (8, 0), (7, 2), (4, 5), (0, 7). त्यांवर Z अनुक्रमे 0, 4000, 4700, 5000, 4200. उत्तर 4 क्विंटल हिरवा, 5 क्विंटल पिवळा.

दुसरी वाट आलेख पुन्हा काढण्याची. प्रत्येक रेषेचे अक्षांवरचे दोन बिंदू घ्या, जोडा, (0, 0) घालून बाजू ठरवा. कच्चा आलेखही चालतो, कारण कोणत्या जोड्या सोडवायच्या एवढंच त्यातून हवं असतं. वरच्या गणितात त्यामुळे फक्त दोनच जोड्या सोडवाव्या लागतात. कोपऱ्याचे निर्देशांक मात्र आलेखावरून वाचू नका. 4 च्या जागी 4.2 वाचलं की उत्तर गेलं.

माझं मत असं: सगळ्या अटी वरच्यासारख्या ≤ च्या आणि सहगुणक धन असतील, आणि छापलेलं उत्तर फक्त पडताळायचं असेल, तर बिंदू सोडवा. पण अटीत ≥ आलं आणि कमाल किंमत विचारली, की आलेख काढाच. x + y ≥ 4, x ≤ 3, x, y ≥ 0 या अटींत Z = x + 2y ची कमाल किंमत बघा. टिकणारे कोपरे (3, 1) आणि (0, 4), त्यांतली मोठी किंमत 8. पण (0, 100) सुद्धा सगळ्या अटी पाळतो आणि तिथे Z = 200! प्रदेश वर उघडा आहे, कमाल किंमत नाहीच. कोपऱ्यांच्या यादीत ही उघडी बाजू दिसत नाही, आलेखात पहिल्याच नजरेत दिसते.